मंग थांबाचं

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी डहाणूच्या शाळेत शिकवत होते आणि स्वतःला लेखिका समजत होते. डहाणू रोडला एक निवृत्त हेडमास्तर चिकूच्या बागायतदारांसाठी छोटंसं मासिक काढत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांना दर महिन्याला एका जाणकाराची मुलाखत हवी असे. त्या महिन्याला मी नाव सुचवलं ते मसोलीच्या एका बागेत कलमं बांधणाऱ्या म्हाताऱ्या मजुराचं.

"मजुराची मुलाखत?" गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले. "बरं, आणा. तीन पानं. पानाला साडेतीनशे शब्द. वर एक ओळ गेली तर मी कात्री लावीन, आणि माझी कात्री आंधळी आहे, बाई."

बाबांना, म्हणजे त्या कलमवाल्यांना, लिहिता-वाचता येत नव्हतं. आसपासच्या बागांतली अर्धी झाडं त्यांच्या हातची, पण नाव मात्र बागेच्या मालकाचं होई. मला वाटलं होतं, छापून येणार म्हटल्यावर ते हुरळतील. कसलं काय! त्यांनी एकच विचारलं, "तुजा कागद तलासरीला जाल का?" त्यांची लेक तलासरीकडच्या एका पाड्यावर दिली होती. तिथे दोन वर्षं लोकांनी कलमं करून पाहिली आणि सगळी वाळली. बाबांचे गुडघे गेलेले, त्यांना एसटीत चढवेना. "माजं पाय जात नाय. तुजा कागद गेला तं सांगतो."

मी म्हटलं, जाईल. आणि पाच रविवार त्यांच्यासमोर वही घेऊन बसले.

बाबा सरळ बोलत नसत. रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, रोपावर चिकू कसा चढवायचा हे विचारलं, की आधी बायकोचं आजारपण, मग मालकाचा बैल, मग कुठेतरी रायण. पहिल्या रविवारी सुरू केलेलं वाक्य चौथ्या रविवारी पुरं करत. मी सगळं शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं. दोनशे पानी वही भरली आणि दुसरीची चाळीस पानंही.

त्यातून तीन पानं काढायची होती. मी वह्या पुन्हा नव्या कागदांवर उतरवल्या, विषयवार कापल्या आणि ओट्यावर ढीग लावले: रोप, फांदी, बांधणं, तोडणं, सावली. कुठल्या रविवारी काय बोलले हे बघायचं नाही, कशानंतर काय येतं ते बघायचं. चार ठिकाणी सांगितलेली एकच गोष्ट जिथे उत्तम सांगितली होती तिथली ठेवली, बाकीच्या पट्ट्या चुलीत. मालकाचा बैल गेला. बायकोचं आजारपण काढताना जीव कळवळला, पण तेही गेलं. बोली तेवढी प्रमाण मराठीत आणली, पण त्यांच्या तोंडी माझी एकही गोष्ट घालायची नाही एवढा नियम मी पाळला. मग पट्ट्या खळीने चिकटवल्या, वर माझे प्रश्न लिहिले. प्रश्न कसले, एकेक निबंधच! "कलमबांधणीच्या या नाजूक प्रक्रियेत आपला अनुभव काय सांगतो?" असले. आरंभी अकरा ओळींची प्रस्तावना जोडली. तीत अस्सल कोकणच्या मातीचा सुगंध वगैरे होता. मला ती फार आवडली होती.

एक गोष्ट मात्र सगळीकडून काढली. बाबांना एक खोड होती. दर दोन वाक्यांनी म्हणत, "मंग थांबाचं." एखाद्याला "काय समजलं ना" म्हणायची सवय असते, तशी. मी ते मोजून चौदा वेळा खोडलं. मजकूर कसा स्वच्छ झाला, आणि एक हजार पन्नास शब्दांत बसला.

गुरुजी म्हणाले, "थेट छापायला धाडू." मी म्हटलं, आधी त्यांना वाचून दाखवते. उगाच मोठेपणा कशाला घेऊ? चूक शोधायला गेले नव्हते, शाबासकी घ्यायला गेले होते.

बाबा झाडाच्या बुंध्याशी बसून डोळे मिटून ऐकत होते. त्यांची सून भाजी निवडता निवडता थांबली. मी ठसक्यात वाचत होते: "दोन्ही फांद्या तासून एकमेकींना लावाव्यात आणि केळीच्या सोपटाने बांधाव्यात. सांधा जुळला की सांध्याखाली चिकूच्या फांदीला अर्धा काप द्यावा, मग पुरी तोडावी—"

बाबांनी डोळे उघडले. "बाय, मारलंस कलम."

मला कळेना.

"तासलं का चीक येते. मंग थांबाचं. चीक सरली, पुसली, मंग बांधाचं. अर्दा काप दिला, मंग थांबाचं, आठ दीस. आईचं दूध एकदम तोडशील तं पोर जगेल का? पुरी तोडली, सावलीला ठेवली, मंग थांबाचं. पंधरा दीस. तवा जमिनीत. तू सगलं सांगलंस, थांबाचं कुटं गेलं?" आणि हलकेच म्हणाले, "तलासरीला तेच करतेत. घाई."

माझे कान तापले. जिला मी खोड म्हणून खोडलं होतं, ती चौदापैकी निदान तीन ठिकाणी खोड नव्हती, तोच हुन्नर होता. दिवसांचे आकडे इतर रविवारच्या पट्ट्यांत होते, आणि त्या पट्ट्या चुलीत जळून गेल्या होत्या. सुदैवाने वह्या होत्या.

गुरुजींकडे गेले. ते म्हणाले, "घाला की. पण तीन पानं म्हणजे तीन पानं."

त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं संपादन केलं, असं आजही मानते. बाबांचा एकही कामाचा शब्द कापला नाही. कापलं ते स्वतःला. मातीच्या सुगंधासकट प्रस्तावना गेली. बाबा कोण, हे एका ओळीत सांगितलं. नाजूक प्रक्रिया गेली, आपला अनुभव गेला. होता होता माझा प्रश्न उरला दोन अक्षरांचा. "मग?" खाली बाबांचं उत्तर: "मंग थांबायचं. चीक सरू द्यायची." पुन्हा मी: "मग?" पुन्हा ते: "मंग थांबायचं. आठ दिवस." वाचणाऱ्यालाही तिथे थांबावंच लागे. "थांबाचं"चं "थांबायचं" केलं, सर्वांना कळावं म्हणून. "मंग" मात्र हट्टाने तसंच ठेवलं.

गुरुजींनी उभ्याउभ्या वाचलं. शेवटी एवढंच विचारलं, "तुमचे प्रश्न कुठे आहेत, बाई?"

"आहेत की. मग, मग आणि मग."

ते हसले आणि कात्री न लावता मजकूर आत छापखान्यात देऊन आले. मथळ्याखाली बाबांचं नाव होतं, मालकाचं नव्हे. माझं शेवटी, बारीक टायपात.

पुढच्या वर्षी काही कामाने तलासरीला गेले तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून बाबांच्या लेकीच्या पाड्यावर गेले. लेक कामावर गेली होती. तिच्या अंगणात, मांडवाच्या सावलीत, पत्र्याच्या डब्यांतून चिकूची कलमं ओळीने उभी होती. पानं हिरवीगार. एक बाई पाणी घालत होती. ती मला ओळखत नव्हती, मीही कोण ते सांगितलं नाही.

"छान आलीत की! लावून टाका आता जमिनीत," मी मुद्दाम म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाबांनी पाहिलं होतं. "नाय बाय. आता थांबाचं. पंधरा दीस."

परतताना मसोलीला उतरून बाबांना हे सांगितलं. वाटलं, डोळे भरून येतील. ते आलेच, पण माझे. बाबांनी फक्त विचारलं, "किती दीस, ते सांगलंन का?"

"पंधरा म्हणाली."

"मंग बरोबर छापलंस," ते म्हणाले.