दर पाच मिनिटांनी हँग

आमच्या कंपनीत एक आर्किटेक्ट होता. इमारतींचा नव्हे, सॉफ्टवेअरचा. तो पुण्यातून काम करायचा, म्हणजे पुण्यातून बोलायचा. काम आम्ही नाशिक रोडला, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर करायचो. ठिबक सिंचनाचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर होतं आमचं. शेताचा आकार टाका, पाइप ओढा, ओळी मारा, ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या, किती ते कळतं. कळवण, दिंडोरी, निफाड भागातले ठिबकचे डीलर ते वापरायचे आणि शिव्या द्यायचे.

शिव्यांचं कारण एकच होतं. दर पाच मिनिटांनी ऑटोसेव्ह चालू व्हायचं आणि स्क्रीन थिजायची. नकाशा लहान असला तर जाणवायचं नाही, पण मोठ्या द्राक्षबागेचा असला, हजारो ड्रिपरचा, की चांगले तीन-चार सेकंद काहीच हलायचं नाही. त्या वेळात माणूस वैतागून माउसची बटणं दाबत राही. ते सगळे क्लिक रांगेत साठत आणि स्क्रीन जागी झाली की एकदम उतरत. मग विहिरीतून निघालेला पाइप भलत्याच बांधावर जाऊन बसे.

कंपनीच्या मालकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांची कॉम्प्युटरं जुनी आहेत." हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध होतं. आर्किटेक्टने मान डोलावली, निदान फोनवर तसं वाटलं, आणि ग्राहकांना नवी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, घ्यायचा सल्ला द्यायला सांगितलं. काहींनी बिचाऱ्यांनी घेतलीसुद्धा. हँग तसंच राहिलं. मग ठरलं की सेव्ह होताना एक गोल फिरणारं चक्र दाखवायचं, म्हणजे ग्राहकाला धीर येतो. चक्र बसवलं. सेव्ह सुरू झालं की तेही मध्येच थांबायचं. कारण स्क्रीन रंगवणारा धागा, म्हणजे मुख्य थ्रेड, हाच सेव्हच्या कामाला जुंपलेला होता. चक्र फिरवणार कोण? हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. आर्किटेक्ट म्हणाला, "सेव्ह आपण केव्हाच बॅकग्राउंडला, वेगळ्या थ्रेडवर टाकलंय. मी स्वतः केलंय."

कोणी पुढे काही विचारलं नाही. ज्याच्या पदाच्या नावात आर्किटेक्ट आहे त्याला विचारायचं नसतं, असा आमच्याकडे शिष्टाचार होता.

त्याच सुमारास कळवणहून फोन आला. एका डीलरकडे नकाशे काढणारी बाई होती. तिचं अख्ख्या सकाळचं काम गेलं होतं. मालकांनी मला जायला सांगितलं, "समजूत काढून या" एवढंच. मी बसने गेले.

दुकानात पाइपांच्या गुंडाळ्यांमागे तिचं टेबल होतं. तिने मला पाणी दिलं, चहा सांगितला आणि मग सुरुवात केली.

"मॅडम, तुमचं ते ऑटोसेव्ह मीच बंद केलं होतं. दर पाच मिन्टाला मेल्यावानी होतं. शेतकरी समोर बसेल राहतो, म्हणतो, ताई, बंद पडलं का काय? त्याला काय सांगू मी?"

"मग लाइट गेली?"

"गेली ना. यूपीएसची बॅटरी आधीच गेल्याली. पुन्हा काढला सगळा नकाशा. आता तुम्ही म्हणा, चूक माझी हाय."

मालकांना अभिप्रेत असलेली समजूत नेमकी तीच होती. मी म्हटलं नाही. तिचा तो मोठा नकाशा पेन ड्राइव्हवर घेतला, चहा प्यायले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी तो नकाशा उघडून मी प्रोफाइलर लावला. कुठल्या कामाला किती वेळ जातो ते हे साधन मोजतं. ते आमच्याकडे पहिल्यापासून होतं. कोणी लावलं नव्हतं, कारण सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं. निघालं ते असं: आर्किटेक्टने बॅकग्राउंडला टाकलं होतं ते फक्त डिस्कवर फाईल लिहिणं. त्याला नगण्य वेळ लागत होता. खरा वेळ खात होतं त्याच्या आधीचं काम, सिरियलाइझ करणं, म्हणजे मेमरीत विखुरलेले पाइप, जोड, ड्रिपर एकेक उचलून फाईलमध्ये लिहिता येईल अशा सलग मजकुरात मांडणं. ते सगळं मुख्य थ्रेडवरच चाललं होतं. सामान बांधायला तासभर लावायचा आणि रिक्षा मात्र वेगवान ठरवायची, असा तो प्रकार. लोकांना घ्यायला लावलेल्या एसएसडी यात कुठेच कामाला येत नव्हत्या.

मी आकडे पाठवले. आर्किटेक्टचं उत्तर आलं, "ट्रिव्हियल आहे," आणि संध्याकाळपर्यंत त्याने सिरियलाइझचं काम जसंच्या तसं बॅकग्राउंड थ्रेडवर ढकललं. हँग गेलं. मालकांनी खालून पेढे मागवले. पेढे संपायच्या आत मी तो कळवणचा नकाशा उघडला आणि सेव्ह चालू असताना एक पाइप पुसला. सॉफ्टवेअर बंद पडलं. पडणारच होतं. मागचा थ्रेड पाइपांची यादी वाचत असताना पुढून आपण त्याच यादीतले पाइप काढून घेत होतो, हजेरी चालू असताना माणसं उठवावीत तसे. आधी ते नुसतं थांबत होतं. आता मरत होतं.

"असं कोण करतं?" आर्किटेक्ट फोनवर म्हणाला.

"नकाशे काढणारे," मी म्हटलं.

मालकांनी पेढ्याचं खोकं बंद केलं.

त्यानंतर ते काम माझ्याकडे आलं. कोणी दिलं नाही. कोणाला नको होतं म्हणून आलं. मी सेव्हच्या क्षणी मुख्य थ्रेडवर फक्त एक नक्कल काढायची ठेवली. बिंदू, लांबी, व्यास, असे कोरडे आकडे उतरवून घ्यायचे, बाकी काही नाही. ती इतकी झटपट होत होती की डोळ्याला कळत नव्हतं. नक्कल मागच्या थ्रेडच्या हाती द्यायची. तिला कोणी हात लावत नसल्यामुळे त्याने ती सावकाश सिरियलाइझ करावी, तात्पुरत्या फाईलमध्ये लिहावी, आणि पूर्ण लिहून झाल्यावरच ती जुन्या फाईलच्या जागी ठेवावी. एक सेव्ह चालू असेल तर दुसरं सुरू करायचं नाही. मी सेव्ह चालू असताना पाइप पुसले, ओळी फिरवल्या, मधेच प्लग काढला. सगळं टिकलं.

अपडेट गेला. मालकांनी डीलरांना पाठवलेल्या मेसेजमध्ये लिहिलं की आमच्या आर्किटेक्टच्या देखरेखीखाली सॉफ्टवेअर आता अधिक वेगवान झालं आहे. देखरेख हा शब्द मला आवडला. लांबून बघत राहायला मराठीत इतका भारदस्त शब्द आहे हे मी विसरले होते.

आठवड्याभरात कळवणच्या बाईंचा मला फोन आला. आवाजात संशय होता.

"मॅडम, ऑटोसेव्ह चालू तर केलं, पण ते बंद पडलं वाटतं. सकाळपास्नं काहीच होत नाय."

"काहीच म्हणजे?"

"स्क्रीन थांबतच नाय ना."

मी तिला फाईल कुठे आहे ते सांगितलं आणि फाईलच्या नावापुढची शेवटच्या सेव्हची वेळ वाचायला लावली. तिने वाचली. आत्ताचीच होती.

"मग इतके दिवस का नव्हतं केलं?" तिने विचारलं.

माझ्याकडे खरं उत्तर होतं, पण ते मालकांच्या केबिनशेजारी उभं राहून देण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, आम्ही बघत होतो."

"बरं," ती म्हणाली. समोर कोणी शेतकरी येऊन बसला असावा, कारण तिने लगेच फोन ठेवला.