चौदा एप्रिल बंदच्या यादीत नव्हती

"ही चौदा तारीख कुणी खाल्ली?" मालक ओरडत होते. हातातला पेपर त्यांनी माझ्या टेबलावर असा आपटला की शाईच्या दौतीला घाम फुटला. "मी सांगितलं व्हतं का न्हाई, चौदाला बंद म्हनून?"

सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू? म्हणजे एरवी बोलतो, पोटापाण्यासाठीच बोलतो, पण इथं नाही.

मालकांचं परभणीपासून नऊ किलोमीटरवर, शेतात, एक रिसॉर्ट होतं. जिल्ह्यातलं पहिलं, असं मीच लिहायचो. आठ खोल्या, एक बाग, बागेत कायम करकरणारा झोका आणि शेतातल्या जुन्या विहिरीच्या पाण्यावर भरणारा पोहण्याचा तलाव. तलाव एवढा की एक म्हैस उतरली तर दुसरीनं काठावर नंबर लावावा. पण फोटोग्राफर पोटावर झोपून फोटो काढायचा, आणि पेपरात तो समुद्र दिसायचा. त्या समुद्राखाली चार ओळी लिहायचं काम माझं. स्टेशन रोडच्या कचेरीत बुकिंगही मीच घ्यायचो. पगार एकाचाच, म्हणून थापाही मी दोघांच्या मारायचो. एकदा मी 'मोरांचा किलबिलाट' असं छापलं होतं. पाव्हण्यांनी मोर मागितले. मी म्हणालो, सुट्टीवर आहेत.

शेवटी मालकांनीच वैतागून नियम घातला. फोटोखाली यापुढं फक्त खरं. काय मिळणार, काय नाही मिळणार, कधी बंद, बुकिंग कुठं. बास. त्यातही मध्यस्थ नको. बसस्टँडवरचा एजंट आपली टक्केवारी कापून पत्ते खेळणारी टोळकी पाठवायचा, आणि एकदा त्यानं एकच खोली दोन वऱ्हाडांना दिली होती. दोन्ही नवरदेव एकाच पलंगावर फेटे काढून बसले होते, एकमेकांकडं पाठ करून. तेव्हापासून मालकांचं वाक्य ठरलं: माणसानं सरळ कचेरीत यावं, पावती घ्यावी, पावती फाडली की खोली त्याची. देवालासुद्धा मग बदलता येणार नाही. 'देवालासुद्धा' मी काढून टाकलं, बाकी तसंच ठेवलं.

त्या वर्षी चैत्र संपला की अधिक महिना लागत होता. अधिकात लग्नं नाहीत. लग्नं नाहीत म्हणजे आठही खोल्यांत फक्त पाली. म्हणून शनिवार-रविवारची स्वस्त मुक्काम योजना निघाली. कधी बंद ठेवायची ते मालक तारखेनं सांगत नसत, पंचांगानं सांगत. लग्नतिथीला पुऱ्या भाड्यानं खोल्या जातात, तेव्हा स्वस्तातली योजना बंद. ही व्यवहाराची गोष्ट, त्याला माझी हरकत नव्हती. मी पंचांग उघडलं, तिथीची तारीख केली, आणि मेच्या शेवटाकडचे दोन शनिवार-रविवार लिहिले.

मग मालक जाता जाता, चपला घालता घालता म्हणाले, "आन् चौदा एप्रिल बंद टाका."

चौदा एप्रिलला रविवार होता. मी पंचांग पाहिलं. त्या दिवशी अमावास्या. लग्न सोडा, बारसंही नाही. मी विचारलं, कशापायी बंद?

"अमावास्या हाय. आन् वातावरण बी बरं न्हाई."

अमावास्या दर महिन्याला येते. मालकांच्या हॉटेलात तोवर एकही अमावास्या बंद पडली नव्हती. मागच्याच अमावास्येला त्यांचे साडू आठ जणांनिशी येऊन तलावात साबण लावून गेले होते. पण ही अमावास्या जयंतीला आली होती, तेही शंभराव्या. नामांतरावरून पोळलेला जिल्हा, निळे झेंडे शिवता शिवता शिंप्यांना सवड नाही, आणि मालकांना भीती एकच: त्या दिवशी तलावात कोण उतरेल. हे ते बोलले नाहीत. मला बोलून दाखवायची गरजही नव्हती. मी चौदा तारीख खाल्ली नाही. मी ती वाढलीच नाही.

छापून आलं ते असं:

'शनिवार-रविवार मुक्काम. शनिवारी दुपारी बारा ते रविवारी दुपारी चार. दोघांस एक खोली, शनिवारचे रात्रीचे जेवण, रविवारचा नाश्ता व दुपारचे जेवण, दोन वेळचा चहा, बाग व पोहण्याचा तलाव यात समाविष्ट. स्टेशनहून ने-आण, थंड पेये व जादा गादी समाविष्ट नाही. १८-१९ व २५-२६ मे रोजी योजना बंद. बुकिंग मध्यस्थाविना, थेट स्टेशन रोडच्या कचेरीत, दहा ते सहा. पावती मिळताच खोली नक्की.'

अख्ख्या आयुष्यात मी एवढं खरं एका जागी कधी लिहिलं नव्हतं. आणि बोंब त्याच्यावरूनच झाली.

मालकांचं ओरडणं समेवर आलं असतानाच दारात एक बाई उभ्या राहिल्या. पांढरी साडी, खांद्याला शबनम, हातात पेपरचं कात्रण. ताडकळसकडच्या शाळेत शिक्षिका होत्या, हे पावती लिहिताना कळलं. पण शिक्षिका आहेत हे कात्रण धरण्याच्या पद्धतीवरूनच कळत होतं. लाल पेनानं त्यांनी ओळीओळीखाली रेघा मारल्या होत्या.

"तेरा-चौदा एप्रिल. एक खोली. दोघं जण, मी आणि वडील," त्या म्हणाल्या.

मालकांनी पेपर पाठीमागं घेतला. आवाजात साखर टाकली. म्हणाले, बाई, तेरा-चौदाला फुल्ल आहे.

बुकिंगचं रजिस्टर माझ्या टेबलावर उघडं होतं. तेरा-चौदाच्या पानावर माशीसुद्धा बसलेली नव्हती. बाईंनी रजिस्टरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मालकांनीही माझ्याकडं पाहिलं. दहा वर्षं मी त्या कचेरीत थापा मारून भाकरी खाल्ली. मोर सुट्टीवर पाठवले. आणि त्या घटकेला एक साधी 'फुल्ल' माझ्या जिभेवर चढेना.

"मोकळं हाय," मी म्हणालो.

मालकांचा चेहरा असा झाला की अमावास्येला ग्रहण लागावं. मग त्यांनी वाट बदलली. त्या दिवशी जयंतीची गर्दी असते, तुमालाच तरास होईल, म्हणाले. बाई म्हणाल्या, गर्दी आमचीच आहे, आम्हाला कसला त्रास. मालक म्हणाले, आमच्या एजंटाकडून येत जा, तो सांगतो कोणती तारीख बरी.

बाईंनी कात्रण टेबलावर ठेवलं. बुकिंगच्या ओळीवर बोट ठेवलं. "मध्यस्थाविना थेट या, असं तुम्ही लिहिलंय. मी थेट आले."

मालकांचाच नियम, मालकांचंच वाक्य. मी पावतीपुस्तक काढलं. मालक म्हणाले, ठेवा ते. मी कार्बन घातला. मालक म्हणाले, नोकरी करायची हाय का? मी म्हणालो, हाय की, तीच करायलोय. आणि फाडली पावती. नंबर एक.

मालक आपटत बाहेर गेले. रजिस्टरात नावं चढवताना मी सहज विचारलं, वडील पोहतात का?

"पोहणार नाहीत," बाई म्हणाल्या. "उतरणार आहेत."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. वडील चुडाव्याला रेल्वेत गँगमन होते. त्याआधी, पोरवयात, मालकांच्या वडिलांच्या शेतात मजुरीला होते. तलाव भरतो ती विहीर खोदायला ते होते, तळापर्यंत. पाणी लागलं, त्या दिवसापासून त्यांना काठावर बंदी. तहान लागली की ओंजळ पसरायची, वरून कुणी ओतलं तर प्यायचं.

इथं मी एक थाप मारायला हवी होती, ऐकणाऱ्याचं मन हलकं करणारी. मला ती येत नाही. अजून येत नाही.

शनिवारी मी सकाळीच शेतावर गेलो, कारण मालकांना मी ओळखतो. माळी तलावापाशी हातावर हात ठेवून उभा होता. मालकांनी निरोप पाठवला होता: तलाव दुरुस्तीला आहे म्हणून रिकामा करा. पण पाणी सोडायच्या नळाचं चाक जागेवर नव्हतं. माळ्यानं झाडाखाली शोधलं, झोक्याखाली शोधलं, मोराखालीही शोधलं असतं. चाक माझ्या पिशवीत, डब्याच्या खाली होतं. मी माळ्याला म्हणालो, भाऊ, लय वाईट झालं. आता बिगर चाकाचं पाणी सुटायचं कसं? माळी माझ्या पिशवीकडं बघत म्हणाला, "न्हाईच सुटत." आणि कन्हेरीला पाणी घालायला गेला.

बारा वाजता बापलेक आले. एस.टी.नं, मग चालत, कारण ने-आण समाविष्ट नव्हती. बाईंनी कात्रण आणलं होतं. जेवण झालं, चहा झाला, दोन वेळचा. रविवारी सकाळी नाश्त्याच्या आधी म्हातारे खोलीतून बाहेर आले. धोतर, उघडं अंग, छातीवर रेल्वेनं दिलेला एक जुना व्रण, डोक्याला कोरा निळा फेटा. पायऱ्या चार. त्यांनी त्या चारही मोजल्यासारख्या उतरल्या. पाणी छातीला लागलं तिथं थांबले. हात हलवले नाहीत, बुडी मारली नाही. नुसते उभे राहिले. मी घड्याळात बघितलं नाही. मला विचाराल तर ते अडीच वर्षं उभे होते.

तेवढ्यात मालकांची जीप आली. कुणीतरी सांगितलं असणार. ते तरातरा काठापर्यंत आले, आणि काठावरच थांबले. बाई काठावर बसल्या होत्या, मांडीवर कात्रण. मी बाजूला, पिशवी पोटाशी. माळी कन्हेरीत. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो. ओरडायला तोंड उघडलं होतं त्यांनी, मी पाहिलं. पण छापलेलं होतं, पावती फाडलेली होती, आणि माणूस पाण्यात होता.

शेवटी मालकांनी, बाकी काही सुचेना म्हणून, पाव्हण्याला विचारतात तसं, विचारलं, "कसं हाय पानी?"

म्हाताऱ्यांनी मान वळवली, त्यांच्याकडं एकदा बघितलं.

"पानीच हाय," ते म्हणाले.