डब्याच्या तळाचा नंबर

आईच्या गुडघ्यांसाठी मी कंपनीच्या संकेतस्थळावरून एका पावडरीचा डबा मागवला होता. चार-पाच दिवस दुधातून घेतल्यावर तिच्या हातांवर आणि मानेवर लाल चट्टे उठले. खाज थांबेना. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पावडर बंद करायला सांगितली आणि गोळ्या दिल्या. हा रोग पसरणारा नाही, असेही त्यांनी लिहून दिले.

आई गोव्यात हरमलला पर्यटकांना भाड्याने दिलेल्या खोल्या झाडते, चादरी बदलते. मालकिणीने कागद न वाचताच परत दिला. "तू बरी झालंस की ये गो. पाहुणे हात बघतत."

आईचे काम वाचायचे तर हे पावडरीमुळेच झाले, हे कंपनीने मान्य करायला हवे, असे मला वाटले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. शाळेतल्या बाईंनी अर्ज लिहायला शिकवले त्याचे ऋण मी अजून मानते. तशीच नीट तक्रार लिहिली: पावडर कधी सुरू केली, चट्टे कधी आले, पावडर बंद केल्यावर ते कसे ओसरू लागले. डॉक्टरांचा कागद आणि हातांचे फोटो जोडले. पैसे परत द्या आणि ही बॅच तपासा, अशा दोनच मागण्या केल्या.

उत्तर लगेच आले. डब्याच्या तळाशी छापलेल्या बॅच नंबरचा फोटो पाठवा.

डबा शोधला तर तो चुलीमागच्या फळीवर. आईने पावडर काचेच्या बरणीत ओतली होती आणि डबा राखेने घासून लख्ख केला होता. लेबल नाही, तळावर शाईचा ठिपकाही नाही. आत सोलां, म्हणजे आमसुलं, भरलेली.

"असो घट्ट झाकणाचो डबो कोण टाकता?" ती म्हणाली. "पावसात सोलांक बुरशी येयत ना."

आमच्याकडे कुठलाच चांगला डबा दुसऱ्या दिवशी मूळ नावाने उरत नाही. तिला काय म्हणणार?

बिलावर बॅच नंबर नव्हता. मी तसे कळवले, बरणीतली पावडर पाठवायची तयारी दाखवली. कंपनीने लिहिले, आमचा डबा निघाला त्या आठवड्यात एकाहून अधिक बॅच पाठवल्या गेल्या होत्या. नंबराशिवाय त्यांच्याकडे राखून ठेवलेला नेमका नमुना काढता येत नाही आणि उघडी पावडर ते तपासत नाहीत. पैसे मात्र परत करत आहेत, ग्राहकाच्या समाधानासाठी. उत्पादनात दोष असल्याचे यातून मान्य केलेले नाही.

अन्न व औषध प्रशासनाकडेही अर्ज दिला. तिथल्या कारकुनांनी तो आदराने घेतला, पोच दिली आणि विचारले, "बॅच नंबर?"

पैसे आले तेव्हा आईचा चेहरा उजळला. "पैशे दिले म्हणजे चूक तेंची. ह्या पत्र मालकिणीक दाखव. तिचो झील वाचून सांगात."

झील, म्हणजे तिचा मुलगा, शेवटची ओळही वाचील. मी सांगितले, "नको, आई."

"कित्याक?"

मी पत्रातली ती इंग्रजी ओळ तिला मराठीत सांगितली: दोष आपला, असे कंपनी मानत नाही. तिने बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. चट्टे जवळजवळ गेले होते. पण आदल्या दिवशीच मालकिणीने आईच्या जागी दुसरी बाई ठेवल्याचे आम्हाला कळले होते.