दोन मिलिमीटरच्या निवट्या

मी पनवेलमधल्या एका लहानशा सर्वेक्षण कार्यालयात चार्ट काढते. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. वाटू दे. एका खाडीकाठच्या गावाच्या चार्टनं मला जे नाचवलंय, तसं लग्नाच्या वरातीतही कोणी नाचवलं नसेल.

उरणकडे खाडीच्या कडेनं एक रस्ता व्हायचा होता. त्याआधी तिथे कोण काय मासळी धरतं, याचा वर्षभराचा हिशोब आमच्याकडे होता. जवळा चाळीस हजार किलो, तो होड्यांतून डोलजाळ्यांनी येणारा. मग चिंबोऱ्या नऊशे, कालवं सहाशे आणि निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे, चारशे. हे तिन्ही गावातल्या बायका खाजणाच्या चिखलात उतरून हातानं धरतात. त्यांचं तोलमाप मीच त्यांच्यासोबत चिखलात बसून केलं होतं. मी वीस सेंटिमीटर उंचीचा चार्ट काढला. जवळ्याचा बार कागदाच्या टोकाला भिडला आणि निवट्यांचा आला दोन मिलिमीटर. खाली मीच एक वाक्य ठोकून दिलं, ‘हातानं होणारी मासेमारी नगण्य.’ आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

मसुदा गावकऱ्यांना दाखवून मगच पुढे द्यायचा, असा आमचा रिवाज. म्हणून गावातल्या ओळखीच्या मावशी कार्यालयात आल्या. खाजणात उतरणाऱ्या बारा बायकांच्या त्या म्होरक्या. चष्मा कपाळावर सरकवून त्या कागदावर वाकल्या आणि निवट्यांच्या बारावर अंगठ्याचं नख ठेवलं. बार नखाखाली गडप झाला.

“एवढंच?” त्या म्हणाल्या. “आमी बारा जणी वरीसभर चिखलात मांडीपातूर रुततो, आन् कागदावर एवढंच?”

मी म्हटलं, “मावशी, आकडा बरोबर आहे. जवळाच फार मोठा आहे.”

“आकडा बरोबर हाय, पर दिसत नाय. साहेब काय बघनार? चित्रच ना?” मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. रस्त्याच्या नकाशात भराव सलग होता. खाजणात भरतीचं पाणी आत यायला भरावाखालून एक मोरी ठेवली तर चिखल जिवंत राहणार. नाही ठेवली तर वाळून कडक होणार, आणि निवट्या, चिंबोऱ्या, कालवं सगळं संपणार. रस्त्याला मंजुरी देणाऱ्या साहेबांपुढच्या सुनावणीत मोरी मागायची होती. समोर मात्र माझा ‘नगण्य’ असणार होता.

त्या गेल्या आणि माझ्या अंगात वारं भरलं. दुपारच्या डब्याला हात न लावता मी लॉग पट्टी लावली. एक, दहा, शंभर, हजार, दहा हजार, अशी प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. बटण दाबलं आणि काय सांगू, निवट्या ताडकन उभ्या राहिल्या! जवळ्याच्या निम्म्याहून उंच! मी खुर्चीतून ओरडलेच. आमचे सर धावत आले. सर म्हणजे कार्यालयाचे मालक, हळू बोलणारे आणि हळूच खोड काढणारे.

“बार कुठून सुरू केलास?”

“एकपासून.”

“शंभरपासून सुरू कर बरं.”

केला. निवट्या धपकन खाली. आता त्या जवळ्याच्या पाव भागापेक्षाही कमी.

“आकडे तेच, आणि चित्र मात्र तुझ्या मर्जीवर,” सर म्हणाले. “लॉग पट्टीला शून्यच नसतं. मग बारानं पाय कुठे टेकायचा? बार माणूस लांबीनं वाचतो. ठिपके काढलेस तर चालेल, पण सुनावणीत लॉग वाचणारे किती असतील?”

मला सरांचा राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा, म्हणजे जरा जास्तच. चडफडत मी दुसरा उपाय धरला, पट्टीच तोडायची. खालचे पंधरा सेंटिमीटर शून्य ते हजार किलोला दिले, मधला सगळा भाग गाळला आणि वर जवळ्याचं शेंडीएवढं टोक ठेवलं. निवट्या सहा सेंटिमीटर! कालवं नऊ, चिंबोऱ्या साडेतेरा! तिघींतला फरकही आता खराखुरा दिसत होता. मला इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी मिठी मारली. तिच्या हातातला चहा सांडला.

सर पुन्हा वाकले. “छान. पण जवळा आता अठरा सेंटिमीटर आणि चिंबोऱ्या साडेतेरा. घाईत बघणारा म्हणेल, थोडाच फरक आहे. पट्टी तोडायची तर गाजावाजा करून तोड. लपवून तोडलीस तर ती थाप होते.”

म्हणून मी तोडीच्या जागी, बारावर आणि पट्टीवर दोन्हीकडे, ठळक नागमोडी रेघ मारली. जवळ्याच्या डोक्यावर ‘४०,०००’ मोठ्ठं लिहिलं. कोपऱ्यात पहिला न तोडलेला चार्ट छोटा करून ठेवला. ‘नगण्य’ खोडताना डिलीटचं बटण मी गरजेपेक्षा जास्त जोरात दाबलं.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. मावशी आणि त्यांच्या सोबतिणी दुसऱ्या रांगेत होत्या, मी भिंतीला टेकून. साहेबांनी पान उलटलं, भुवया उंचावल्या आणि नको तेच विचारलं.

“जवळ्याच्या पाऊणपट चिंबोऱ्या? हे शक्य तरी आहे का? आकडे फुगवलेत काय?”

मी पुढे झाले. तोंडातून फक्त “साहेब, ते...” एवढंच बाहेर आलं. सगळा गाजावाजा कागदावर, आणि मी ठार मुकी! मागे कोणीतरी हसलं. गेली मोरी, असं मला वाटलं.

तेवढ्यात मावशी उठल्या.

“साहेब, तुमी वाकटी घेता ना? लांबलचक मासली. पाटीत मावत नाय म्हनून आमी ती गुंडालून ठेवतो. गिऱ्हाईक काय तिला आखूड समजतं? ती नागमोडी रेघ हाय ना, तितं जवला गुंडाललाय. पुरा बघायचा तर कोपऱ्यात बघा. आमी त्याच्यापुढं बारक्याच हाव. आमी मोठ्या हाव असं कुठं म्हनतो? आमी हाव, एवढंच म्हनतो.”

मला रडू फुटलं आणि हसूही. साहेबांनी चष्मा पुसला. कोपऱ्यातलं चित्र पाहिलं, मग मोठं, मग डोक्यावरचा आकडा.

“म्हणजे निवट्या चारशे किलो. खऱ्या?”

“मोजताना ही पोरगी आमच्यासंगं चिखलात बसली होती, तिला इचारा.”

आता मात्र माझा आवाज फुटला. नको तितका मोठा फुटला. “खऱ्या, साहेब! काट्यावर मी स्वतः तोलल्यात!”

साहेबांनी मावशींना पुढे बोलावलं, नकाशा पसरला आणि विचारलं, “पाणी नेमकं कुठून आत येतं?” मावशींनी बोट ठेवलं. साहेबांनी पेन्सिलीनं भरावाच्या सलग रेघेवर एक बारीकशी आडवी खूण केली, शेजारी ‘मोरी’ लिहिलं आणि सही ठोकली.

मी धावतच टेबलाशी गेले. मावशी त्या खुणेवर वाकल्या होत्या. त्यांनी अंगठ्याचं नख तिच्यावर ठेवलं आणि खूण नखाखाली गडप झाली.

“दोन मिलिमीटर,” त्या मला म्हणाल्या. “पुरतं गो पानी यायला.”