धाकटीच्या लाँड्रीची आकडेमोड

दादा बँकेच्या कर्जासाठी लोकांचे प्रकल्प अहवाल लिहून द्यायचा. धाकटी बहीण लाँड्री काढायला निघाली, तेव्हा अहवालातला आर्थिक भाग साहजिकच त्याच्याकडे आला.

त्याने आधी गृहीतकं मांडली. धुण्याच्या एका खेपेला शंभर रुपये घेतले, तर त्यातले चाळीस रुपये साबण, पाणी आणि विजेत जाणार, साठ उरणार. भाडं, पगार आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याचा ठरलेला खर्च साठ हजार.

“म्हणजे हजार खेपा झाल्या, तर कुठे ना नफा ना तोटा,” तो म्हणाला. “आणि तुझी दोन्ही यंत्रं कितीही राबवली, तरी महिन्याला नऊशेच्या वर जात नाहीत.”

“मग दर एकशेवीस धर की! साडेसातशेत भागतं.”

“कागदावर भागतं गं. समोरचा शंभरात धुतो, तुझ्याकडे कोण येईल?”

“स्वतःला कधी धाडस झालं नाही, म्हणून माझ्या कामात खोडा घालतोस!” ती तरातरा निघून गेली.

दुसऱ्या कुणीतरी एकशेवीस धरून तीन वर्षांचे चढते अंदाज लिहून दिले. कर्ज झटक्यात मंजूर झालं.

दुकानात महिन्याला चारशे खेपाही होईनात. वर्षाच्या आत बँकेने यंत्रं उचलून नेली. दादा भेटायला गेला, तेव्हा धाकटी रिकामं दुकान झाडत होती.

“पहिल्याच दिवशी नाट लावलास तू,” ती मान वर न करता म्हणाली.

तो उंबऱ्यातूनच परतला. आपलं गणित बरोबर होतं, हे त्याला कुणाला सांगायचीही सोय उरली नव्हती.