एकटी चालवली की पास

आमच्या ऑफिसातल्या एका टेस्टला सगळे 'नाटकी' म्हणत. एकटी चालवली की पास, सगळ्यांसोबत चालवली की नापास. आम्ही सुरतच्या डाइंग मिलसाठी सॉफ्टवेअर करतो. कापड रंगवायचं यंत्र तापलेलं असताना झाकण उघडायचा हिरवा दिवा लागता कामा नये, एवढंच ती टेस्ट तपासायची.

नवं व्हर्जन दुसऱ्या दिवशी बमरोलीच्या मिलमध्ये जाणार होतं. माझे वडील तिथेच त्या यंत्रावर आहेत.

"अरे बेन, अकेली चलाओ, पास होती है ना? तो भेज दो," आमचे सीनियर म्हणाले. मला अशा वेळी डोक्यात तिडीक जाते. मी टेस्टचा क्रम उलटा केला. नाटकी पहिली आली आणि निमूटपणे पास झाली.

म्हणजे तिच्या आधीचं कोणीतरी घाण करून जात होतं. सापडलं. या व्हर्जनमध्ये नवीन 'दुरुस्ती मोड' आला होता. तो चालू असला की यंत्र कसंही असो, दिवा हिरवा. त्याची टेस्ट मोड चालू करायची आणि तसाच सोडून जायची. सगळ्या टेस्ट एकच सेटिंग वापरत असल्याने नाटकीला तो चालूच मिळायचा.

मी प्रत्येक टेस्टला सुरुवातीलाच स्वतःची कोरी सेटिंग दिली. क्रम कितीदा तरी पिसून पाहिला, सगळ्या टेस्ट पास. सीनियर म्हणाले, "बस, हो गया." मीही खूश होऊन डबा उघडला.

पहिला घास तोंडातच राहिला. टेस्टला मी कोरी सेटिंग दिली, पण यंत्राला कोण देतं? मूळ प्रोग्राम सुरू होताना सेटिंग एकदाच तयार करायचा आणि तीच प्रत्येक घाण्याला, म्हणजे यंत्रात घातलेल्या कापडाच्या प्रत्येक खेपेला, वापरायचा. फिटर मोड बंद करायला विसरला, तर पुढचा घाणा एकशे तीस अंशांवर उकळत असतानाही दिवा हिरवा! नाटकी इतके दिवस खरं बोलत होती आणि मी नुकतंच तिचं तोंड बंद केलं होतं.

मी नवी टेस्ट लिहिली: मोड चालू, मग नवा घाणा, मग यंत्र गरम. ही एकटीसुद्धा नापास झाली. सीनियर स्क्रीनकडे बघत खुर्चीत बसले. मग त्यांनी स्वतःच मिलला फोन करून उद्या नवं व्हर्जन टाकायचं थांबवलं. आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक घाण्याला नवी सेटिंग दिली, तेव्हा कुठे ती पास झाली.

घरी गोडादऱ्याला पोचले तेव्हा वडील चहा पीत होते. मी विचारलं, "पप्पा, झाकण उघडताना तुम्ही काय बघता?"

"हिरवा दिवा दिसना का उघाडस," ते आमच्या अहिराणीत म्हणाले.

"आणि प्रेशरचा काटा?"

"काटा आते कोन देखस?" ते हसले. "दिवा तुनी कंपनीना शे ना!"