फुई दार वाजवतात

जगातल्या सगळ्या कड्या-कुलुपांवर माझ्या नवऱ्याच्या आत्याचा मनापासून राग होता. आमच्याकडे नंदुरबारला आत्याला फुई म्हणतात, म्हणून मीही फुईच म्हणते. फुईंच्या मते दार हे फक्त वारा अडवायला असतं. माणसांनी दार लावणं म्हणजे आत काहीतरी वाईट शिजतंय. धानोऱ्याच्या त्यांच्या घराचं दार मी तरी कधी लावलेलं पाहिलं नाही. एकदा एक बकरी सरळ स्वयंपाकघरात जाऊन भाकरी खाऊन गेली, तर फुई म्हणाल्या, "भूक लागनी व्हती बिचारीले." माझ्या सासूबाई नवरा लहान असतानाच गेल्या. त्याला या बाईंनीच वाढवलं, शिकवलं, दटावलं. त्यामुळे त्याच्या घराची एक किल्ली त्यांच्या कमरेच्या पिशवीत असणार, यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. सुरुवातीला मलाही नाही.

त्या रिक्षेने यायच्या, कधीही यायच्या, आणि बरोबर भजनातल्या दोघी-तिघी मैत्रिणी असायच्या. आल्या आल्या माझे डबे हलायचे. हळद मिठाच्या जागी, मीठ साखरेच्या जागी. पाहुणा म्हणून आलेल्या माझ्या भावाने एकदा खारट चहा मुकाट्याने संपवला आणि वर "छान झालाय" म्हणाला. हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. पण मिरचीचा हंगाम आला. बाजारातून लाल मिरच्यांचं पोतं उचलायचं, देठ खुडायचे, वाळवायचे, हा फुईंचा वर्षाचा सण. आणि आमच्या घरात दुपारचं सगळ्यात कडक ऊन आमच्या झोपायच्या खोलीत येतं, हा शोध त्यांना लागला. मी सकाळच्या कॉलेजात शिकवते. दुपारी येऊन तासभर पडते. त्या दिवशी डोळे मिटतच पलंगावर पडले ती मिरच्यांवर. वरून पंखा सुरू.

डोळ्यांवर पाण्याचे हबके मारताना मला कळलं की मला रडायलाही येतंय, आणि ते मिरचीचं नाही. या घरात माझी अशी एक जागाच नव्हती.

नवरा घाबरला. "मी सांगतो तिला," म्हणाला. मी नको म्हटलं. त्याने सांगितलं असतं तर फुईंना वाटलं असतं, बायकोने पोराच्या तोंडून वदवलं. आणि न सांगताच परत आला असता तर मला वाटलं असतं, हा तिचाच. आईसारख्या बाईला आणि मला तराजूत घालायला मी त्याला बसवणार नव्हते. मी म्हटलं, "त्रास मला आहे, मीच बोलते. तू तिच्याकडे जा, ये, लाड करून घे. फक्त मी काय मागणार आहे ते आत्ता ऐक, आणि तुला जमेल का ते सांग. मग तिने विचारलं तर बिचकू नकोस." त्याने ऐकलं. जमेल म्हणाला.

फुई एकट्या असताना मी चहा केला. साखर शोधून घातली. म्हटलं, "फुई, तुम्ही येता ते मला हवंच आहे. पण येण्याआधी फोन करा. दुपारी मी झोपते, तेव्हा नको. आणि आमची खोली बंद असली तर दार वाजवा. मिरच्यांना गच्ची आहे, मी स्वतः पसरायला येईन."

फुईंनी कप खाली ठेवला. तेवढ्यात नवरा घरात आला, आणि त्याच्यावरच तोफ वळली. "बापू, तुन्ही बायको माले बंदी घाली ऱ्हायनी! सांग, तू मन्हा का तिना?"

नवरा त्यांच्याजवळ खाली बसला. "फुई, तू मन्ही शे, ती बी मन्ही शे. तिनी माले सांगेल शे, आनि माले पटस. तुले राग उना ते मन्हावर काढ. मिरच्या मी गच्चीवर नेस." आणि पोतं खांद्यावर घेऊन खरंच निघाला, वाटभर शिंकत.

फुईंनी किल्ली ओट्यावर आपटली आणि गेल्या. रविवारी आम्ही दोघं नेहमीसारखेच धानोऱ्याला गेलो. विषय मी काढला नाही. त्यांनीच काढला, दोनदा. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं, आवाज न चढवता. निघताना किल्ली त्यांच्या हातात परत ठेवली. "अडीअडचणीला लागेल," म्हटलं.

मग सुरू झाला फुईंचा सूड. रिक्षेत बसताना फोन, फाटकाशी फोन, "मी दारसमोर उभी शे, येऊ का?" असा दारातून फोन. फ्रिज उघडण्याआधी फुई फ्रिजचं दार वाजवायच्या. मैत्रिणींनाही शिकवलं, त्या तर जिन्यापासूनच टाळ्या वाजवत यायच्या. हसून हसून माझाच जीव जायचा.

गेल्या हिवाळ्यात मला ताप भरला. नवरा सुरतेला होता, त्याने फुईंना कळवलं. मी खोलीत गुंगीत पडलेली. मुख्य दार किल्लीने उघडल्याचं ऐकू आलं, स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मग खोलीच्या दारावर टकटक. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. खूप वेळाने कशीबशी "या" म्हटलं. फुई आत आल्या. हातातल्या वाटीतली पेज निवलेली होती. तितका वेळ त्या दाराबाहेर वाटी धरून उभ्या होत्या.

"ताप शे तं काय व्हयनं," कपाळावर हात ठेवत म्हणाल्या, "खोली तं तुन्हीच शे ना."

आता गुडघ्यांमुळे त्यांना आमचा जिना चढवत नाही. यंदा मिरच्या गच्चीवर मी एकटीने पसरल्या. रविवारी धानोऱ्याला गेले की त्यांच्या सताड उघड्या दारावर मी मुद्दाम टकटक करते. त्या आतून ओरडतात, "इचारस काय, ये ना!" तेवढं ऐकण्यासाठी मी दर वेळी विचारते.